उजव्या आरशातली दुचाकी

संशयी : लेन बदलण्यापूर्वी आतला आरसा पाहा, बाहेरचा आरसा पाहा, इंडिकेटर द्या, मान वळवून खांद्यामागे नजर टाका आणि मग गाडी वळवा, हा क्रम ड्रायव्हिंग स्कूलमध्ये म्हणून दाखवायला चांगला आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत सोडून पाटसच्या दिशेने निघालेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. गाळपाचा हंगाम असतो. डाव्या लेनमध्ये दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर ताशी वीसने चाललेला असतो. मागून साठने येणारी मोटार त्याच्याकडे दर सेकंदाला अकरा मीटर सरकत असते. अशा वेळी मान मागे वळवणे म्हणजे समोरचा धोका सोडून मागचा शोधणे. अनुभवी माणूस आरशावर एक नजर टाकतो, हॉर्न देतो आणि गाडी उजवीकडे काढतो. बहुतेक वेळा काही होत नाही.

आग्रही : ज्या वेळी होते, तेव्हा काय घडते ते सावकाश उलगडून पाहावे लागेल. मोटार डाव्या लेनमध्ये साठने आहे. उजव्या लेनमध्ये मागून एक मोटरसायकल ऐंशीने येते आहे. चालकाने आरशात पाहिले त्या क्षणी ती सतरा मीटर मागे होती. त्याने ती पाहिली असेल किंवा नसेल; पुढची तीन सेकंद त्याची नजर ट्रॅक्टरवर राहिली, कारण अंतर आणि वेग जोखायचा होता. ताशी वीसचा फरक म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तीन सेकंदांत मोटरसायकलने ते सतरा मीटर कापले आणि ती बरोबर मागच्या दरवाजाशेजारी आली. चालकाने स्टिअरिंग फिरवले तेही त्याच क्षणी. यात आरसा पाहिलाच नाही असे कोणी म्हणू शकत नाही. आरसा पाहिला होता, पण तीन सेकंदांपूर्वीचा. म्हणून पहिला मुद्दा मान वळवण्याचा नाही, वेळेचा आहे. शेवटची नजर आणि स्टिअरिंगची पहिली हालचाल यांच्यात जवळपास काहीच वेळ जाता कामा नये.

संशयी : मग आरसाच दुसऱ्यांदा पाहावा. मान कशाला?

आग्रही : कारण मोटरसायकल तेव्हा आरशाच्या बाहेर गेलेली असते. आरसा सर्वसाधारणपणे असा लावलेला असतो की त्याच्या आतल्या कडेला स्वतःच्या गाडीची बाजू थोडी दिसते. तिथून बाहेरच्या दिशेला साधारण वीस अंशांचा पट्टा आरशात येतो, असे धरू. चालक समोर पाहत असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून जे जाणवते ते जेमतेम खांद्याच्या रेषेपर्यंत. मधली जागा दोन्हींतून सुटते, आणि ती पंख्यासारखी आहे : गाडीलगत अरुंद, दूर जाईल तशी लांब. मोटारीच्या बाजूपासून दोन मीटरवर दुचाकी चालत असेल, तर ही न दिसणारी जागा आरशापासून मागे सुमारे साडेपाच मीटर लांब भरते. आता त्या जागेत काय मावते ते पाहा. मोटार चार मीटरची आणि रुंदही असते. ती तिथे आली तरी तिचे नाक किंवा शेपूट कुठेतरी बाहेर डोकावण्याची शक्यता बरीच असते. मोटरसायकल दोन मीटरची. ती तिथे पूर्ण बसते आणि मागे-पुढे जागा उरते. दोघांचा वेग सारखा असेल, तर ती कितीही वेळ तिथेच राहू शकते. वेगात येणारी दुचाकी त्या जागेतून एका सेकंदात निघून जाते. साठला साठने सोबत चालणारी, घाई नसलेली, शहाणी वाटणारी दुचाकी जास्त काळ अदृश्य असते. हे लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट आहे.

संशयी : ही भूमिती मान्य. पण मग उपाय आरसा नीट लावण्याचा आहे. जॉर्ज प्लाट्झर या अमेरिकन अभियंत्याने 1995 मध्ये मोटार अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध मांडला आणि आरसे बाहेरच्या बाजूला जास्त वळवून ठेवण्याची पद्धत सांगितली. डोके खिडकीकडे झुकवायचे आणि त्या बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवायचा. दुसऱ्या बाजूसाठी डोके गाडीच्या मध्यावर आणायचे आणि तेच करायचे. नीट बसल्यावर स्वतःची गाडी आरशात दिसतच नाही, आणि मागून येणारे वाहन आतल्या आरशातून बाहेरच्या आरशात, तिथून थेट नजरेत असे सरकत येते. न दिसणारी जागा जवळपास मिटते. इतके सोपे असताना मान वळवण्याचा आग्रह का?

आग्रही : कारण प्लाट्झरची पद्धत ज्या रस्त्यासाठी आहे तिथे वाहने आपापल्या लेनच्या मध्यातून चालतात. इथे मोटार आणि दुभाजक यांच्यातल्या फटीतून दुचाकी निघते. ती मोटारीच्या अंगापासून हातभर अंतरावर असते. आरसा बाहेर वळवला की बरोबर हाच, गाडीला चिकटलेला पट्टा आरशातून जातो. आणि मागच्या काचेतून पाहणाऱ्या आतल्या आरशातही तो येत नाही, कारण मध्ये गाडीचा मागचा खांब आहे. म्हणजे लेनमधल्या दुचाकीसाठी प्लाट्झर चांगला, फटीतल्या दुचाकीसाठी जुनीच पद्धत बरी. दोन्ही एका आरशात बसत नाहीत. काही जण त्यावर बहिर्वक्र गोल आरसा चिकटवतात. त्यात दोन्ही येतात, पण इतक्या लहान की दुचाकी ठिपक्याएवढी उरते आणि तिचे अंतर कळत नाही. बाहेरच्या आरशालाही बाक असतो. म्हणूनच तर वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत, अशी सूचना त्यावर छापलेली असते. मोटारीची रुंदी डोळ्यांच्या सवयीची असल्यामुळे ती लहान दिसली तरी अंदाज सावरता येतो. पाऊण मीटर रुंदीच्या दुचाकीबाबत तो आधार कमी पडतो.

संशयी : समजा, मान वळवायचीच. तरी समोरच्या ट्रॅक्टरची अडचण राहिलीच. ऐंशीच्या वेगात एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते.

आग्रही : अडचण खरी आहे, आणि तिच्यामुळेच क्रम बदलावा लागतो. ट्रॅक्टरच्या मागे चिकटल्यावर मान वळवायची नाही. तो दूर दिसतो तेव्हाच वेग कमी करून मध्ये मोकळी जागा ठेवायची. ती असली की आतला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, दोन-तीन क्षण थांबणे, पुन्हा उजवा आरसा, मग मागच्या दरवाजाच्या काचेतून एक नजर आणि लगेच हालचाल, एवढे सगळे निवांत होते. हनुवटी खांद्यापर्यंत आली की पुरे. कमरेतून वळायचे नाही, नाहीतर हात स्टिअरिंग सोबत घेऊन जातात. सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. हा वेळ मिळत नाही असे ज्याला वाटते, त्याला खरे म्हणजे ओव्हरटेक करायलाही वेळ नसतो.

संशयी : डावीकडे परतताना काय? शेजारी माणूस बसलेला, मागे तिघे, खिडकीला सावलीची जाळी. मान वळवून माणसांचे चेहरेच दिसणार.

आग्रही : डावीकडची नजर कमजोर आहे, हे कबूल. शिवाय तिथे तिसरी एक जागा आहे, जी आरसा आणि मान दोघांच्याही आवाक्याबाहेर आहे. मोटार उजवीकडून ट्रॅक्टर ओलांडत असताना एखादा दुचाकीस्वार त्याच ट्रॅक्टरला डावीकडून, साइडपट्टीवरून ओलांडत असतो. मध्ये उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांची भिंत, मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. दोघे एकमेकांना दिसूच शकत नाहीत. ट्रॅक्टरचे नाक मागे पडताच मोटार डावीकडे घातली, तर दुचाकी तेव्हाच बाहेर येत असते. यावर उपाय नजरेचा नाही, जागेचा आहे : आतल्या आरशात ट्रॅक्टरचे पूर्ण तोंड, दोन्ही दिव्यांसह, दिसेपर्यंत उजव्या लेनमध्येच राहायचे. तेवढ्या अंतरात डाव्या बाजूची दुचाकी ट्रॅक्टरच्या आडून सुटून आरशात येते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. भरलेल्या ट्रॉल्यांमुळे त्याला स्वतःच्या मागचे काहीच दिसत नाही, आणि टेपचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा असतो.

संशयी : आतापर्यंतचे सगळे न दिसणाऱ्या दुचाकीविषयी झाले. पण अपघातानंतर चालक म्हणतो, मी पाहिले होते, तिथे कोणी नव्हते. तो खोटे बोलतो असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. अमेरिकेत 1981 मध्ये हॅरी हर्ट यांच्या अहवालाने मोटरसायकलचे शेकडो अपघात तपासले, आणि मोटारचालकाला मोटरसायकल दिसली नाही किंवा वेळेवर दिसली नाही, हे कारण ठळकपणे पुढे आले. ती सगळी माणसे काही ब्लाइंड स्पॉटमुळे चुकली नव्हती. चौकात समोरून, उघड्यावर येणारी दुचाकीही चुकली. उघड्यावरची दुचाकी चुकत असेल, तर मान वळवून तिची नजरानजर करून देण्याने काय साधणार?

आग्रही : मान वळवणे अपुरे आहे, एवढेच त्यातून निघते, निरुपयोगी आहे असे निघत नाही. डोळा कॅमेऱ्यासारखा सरकत पाहत नाही. तो उड्या मारतो, एका बिंदूवर क्षणभर थांबतो, पुन्हा उडी मारतो, आणि उडीच्या दरम्यान मेंदू दृश्य दाबून टाकतो. पाहणाऱ्याला मात्र सलग चित्र पाहिल्यासारखे वाटते. घाईची नजर म्हणजे दोन-तीन थांबे. मोटार एवढी मोठी असते की कुठला तरी थांबा तिच्यावर पडतोच. दुचाकी दोन थांब्यांच्या मधल्या फटीत मावते. म्हणून एकच झटका देण्याऐवजी तिथे अर्धा क्षण नजर टेकवली पाहिजे. त्यापुढचा प्रकार आणखी विचित्र आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये सिम्युलेटरवर चालकांना चौकात सोडले. काही चालकांनी येणाऱ्या मोटरसायकलकडे थेट पाहिले होते, पण रस्त्यात शिरेपर्यंत तिची आठवण पुसली गेली, कारण मध्ये दुसऱ्या दिशेला पाहण्याचे काम आले. संशोधकांनी सुचवलेला उपाय ऐकायला गमतीचा आहे : दुचाकी दिसली की तसे तोंडाने म्हणायचे. प्रयोग चौकाचा होता, लेन बदलण्याचा नव्हता. तरी ट्रॅक्टर पाहण्याच्या नादात आरशातली दुचाकी विसरणाऱ्या चालकाची गोष्ट त्याहून फार वेगळी नाही.

संशयी : या परदेशी संशोधनाचा पायाच इथे ढासळतो. तिकडे म्हणतात, चालक मोटारींची अपेक्षा करतो. मोटरसायकल क्वचित येते, म्हणून डोक्यात तिच्यासाठी जागा नसते. इथे उलट आहे. कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी सुटली की रस्त्यावर दुचाक्याच दुचाक्या असतात. पाटसच्या टोलनाक्यावरही त्या टोल न भरता कडेच्या पट्ट्यातून निघतात, आणि नाक्यापुढे लेन आवळत जातात तिथे मोटारींमध्ये मिसळतात. अपेक्षेचा अभाव कुठे आहे? त्याहून पुढे, इटलीतल्या संशोधकांनी 2006 मध्ये मांडले होते की ज्या मोटारचालकाकडे मोटरसायकलचाही परवाना आहे, तो मोटरसायकलशी होणाऱ्या धडकेला कमी वेळा जबाबदार ठरतो. महाराष्ट्रात चारचाकी चालवणारा बहुतेक जण आधी दुचाकीच चालवत होता. मग इथला चालक जगात सगळ्यात सावध असायला हवा. पण 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत मेलेल्या 1,68,491 जणांपैकी 74,897 दुचाकीवर होते. शंभरात जवळपास पंचेचाळीस.

आग्रही : त्या आकड्यात घसरून पडलेले, ट्रकखाली गेलेले, हेल्मेट नसल्यामुळे दगावलेले सगळेच येतात, मोटारचालकाने न पाहिल्याने किती गेले, हे तो सांगत नाही. रस्त्यावर दुचाक्याच जास्त असतील, तर मृतांतही त्या जास्त असणार. पण मूळ प्रश्न जोरदार आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा असे आहे की अपेक्षा वाहनाच्या प्रकाराची नसते, जागेची असते. इथल्या चालकाच्या मनात दुचाकीची जागा ठरलेली आहे : डावीकडे, कडेला, हळू. तिथे तिला तो न पाहताही टाळतो. उजवीकडची लेन त्याच्या मनात ट्रकची, बसची, मोटारीची. त्या आरशात तो मोठ्या आकाराचा शोध घेतो आणि मोठे काही नसले की जागा रिकामी समजतो. टोलनाक्यापुढेही हेच. कडेच्या पट्ट्यातून निघालेल्या दुचाक्या कडेलाच राहतील हे गृहीत असते. त्यातली एखादी टोलच्या रांगा संपताच उजव्या लेनपर्यंत तिरपी येते. स्वतः दुचाकी चालवलेल्या माणसालाही हे गृहीतक लागू होते, कदाचित जास्तच, कारण कुठे चालायचे याची शिस्त त्याने स्वतः पाळलेली असते.

संशयी : मग चूक दुचाकीस्वाराची ठरते.

आग्रही : उजव्या लेनमधून जाणे ही चूक नाही, ओव्हरटेक करणाऱ्याची तीच जागा आहे. पण दुचाकीस्वाराच्या हातात काही नाही असेही नाही. मोटारीच्या मागच्या चाकाशेजारी सोबत चालणे सगळ्यात वाईट. एक तर मागे राहावे, नाहीतर पटकन पुढे जावे. पुढच्या चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत असेल, तर त्यालाही आपण दिसू शकतो. दिसू शकतो, एवढेच. त्याने पाहिले असे नाही. आणि लेन बदलताना दुचाकीस्वारालाही मागे पाहावे लागते, तिथे अवस्था जास्त बिकट आहे. आरसा नियमाने सक्तीचा असला तरी अनेक गाड्यांवर तो नसतो किंवा आत दुमडलेला असतो. असला तर त्याचा अर्धा भाग स्वतःच्या कोपराने आणि दंडाने व्यापलेला असतो. आरसा थोडा बाहेर वळवला की हात फक्त आतल्या कडेला उरतो. मान वळवणे दुचाकीवर चारचाकीपेक्षा सोपे आहे, कारण मध्ये खांब नाही. पण नजर गेली तिकडे हँडलही जाते, हे मान वळवायला शिकवणाऱ्याने आधी सांगायला हवे.

संशयी : सगळे पाहून झाले तरी इंडिकेटरचा घोळ उरतो. या रस्त्यावर ट्रकवाल्याने उजवा दिवा लावला की तो उजवीकडे येतोय की मागच्याला पुढे जा म्हणतोय, हे मागच्याने ओळखायचे. दुचाकीस्वार त्याला साइड मिळाली असे समजून वेग वाढवतो. तो न दिसलेला नसतो. त्याने चिन्ह वेगळे वाचलेले असते. मोटारीच्या इंडिकेटरकडेही तो त्याच सवयीने पाहतो. तेव्हा इंडिकेटर देऊन दोन-तीन क्षण थांबण्याचा सल्ला एखाद्याला मागे थांबवेल, तर एखाद्याला पुढे ओढेल.

आग्रही : म्हणूनच इंडिकेटरनंतर पुन्हा पाहायचे. पहिल्या आरशात जे होते त्यावर भरवसा ठेवला, तर इंडिकेटरने जे बदलले ते कळतच नाही. इंडिकेटर ही सूचना आहे, परवानगी नाही. आणि ती देणाऱ्याला तिचा परिणाम पाहावा लागतो.

संशयी : हे दिवसा. रात्री आरशात एकच दिवा दिसतो. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना पेटताच राहतो, त्यामुळे दिवसा ती थोडी उठून दिसते हे खरे. पण अंधारात मोटारीचे अंतर दोन दिव्यांतल्या अंतरावरून कळते. एका दिव्याला तसे काही मोजमाप नाही. जवळची मंद दुचाकी आणि दूरची प्रखर दुचाकी आरशात सारखीच. एक दिवा फुटलेला पिकअपही तसाच. मान वळवली तरी दिव्याची तिरीप दिसेल, वेग दिसणार नाही.

आग्रही : अंतर कळत नसेल, तर कळेपर्यंत लेन बदलायची नाही, एवढेच म्हणता येते. एक नजर, मध्ये श्वासभर वेळ, दुसरी नजर. दिवा आरशात मोठा झाला का, खाली किंवा बाहेर सरकला का, एवढे दोन नजरांतून समजते. एका नजरेतून वेग कोणालाच कळत नाही, दिवसाही नाही.

संशयी : आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवाही नाही, रिफ्लेक्टरही नाही, तो शंभर मीटरवर अचानक उगवला, तर दोन नजरांना वेळ कुठून येणार?

आग्रही : त्या प्रसंगी येणार नाही. तिथे ब्रेक हाच पर्याय आहे, उजवी लेन नाही. आरसा आणि मान यांचा सगळा उपयोग, ज्याने आधीच वेग इतका ठेवला आहे की ब्रेकही पुरेल, त्याच्यापुरता आहे. कारखाना सुरू असताना रात्री पाटसजवळ तो वेग किती असावा, यावर मात्र ट्रॅक्टरवाला, मोटारवाला आणि दुचाकीवाला यांचे एकमत होईल असे दिसत नाही.